नॉमिनी, मालक आणि एक पत्र

गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीकडे एक अर्ज हमखास येतो. सभासद वारलेले असतात, घरातल्या कोणाचं तरी नाव नॉमिनी म्हणून नोंदलेलं असतं, आणि ती व्यक्ती लिहिते की नॉमिनी मीच असल्यामुळे फ्लॅट आता माझ्या मालकीचा झाला आहे, तरी शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवावं. लिहिणारा माणूस बहुतेक वेळा शिकलेला असतो, प्रामाणिक असतो, आणि त्याची समजूत चुकीची असते. नॉमिनी झाल्यामुळे फ्लॅटची मालकी मिळत नाही.

हे त्याला कळवायचं काम सेक्रेटरीचं. ठाण्यातल्या आमच्या जुन्या, चार मजली इमारतीत ते बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गळती, पार्किंग, थकबाकी यांच्यावर कितीही पत्रं लिहावी लागली तरी माझा सगळ्यात जास्त वेळ या एका पत्राला जातो. समोरच्याचे आई किंवा वडील नुकतेच गेलेले असतात. आपली समजूत त्याने घरात, भावा-बहिणींसमोर बोलून दाखवलेली असते. आणि आपण लिहिलेलं उत्तर जावक क्रमांक पडून फायलीत कायमचं राहणार असतं. उद्या त्याचा मुलगा ती फाईल उघडेल तेव्हाही ते तिथे असेल.

आमच्याकडच्या एका सरांचीच गोष्ट सांगते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. इमारतीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर सरांचा अर्ज आला. सुवाच्य अक्षर, डाव्या बाजूला समास सोडलेला, विषय आणि संदर्भ जागच्या जागी. त्यात एक वाक्य होतं: ‘वडिलांनी माझे नामनिर्देशन केलेले असल्याने सदर सदनिका कायद्याने माझ्या मालकीची झालेली आहे.’ आणि त्याच्या खाली आणखी एक: ‘माझ्या दोन्ही विवाहित भगिनींना याची कल्पना दिलेली आहे.’ त्यांची नावं आणि फोन नंबरही लिहिले होते.

उत्तर कोणत्या सुरात लिहायचं ते त्या दुसऱ्या वाक्याने ठरवलं. ज्याला बहिणींना डावलायचं असतं तो अर्जात त्यांची नावं-नंबर लिहीत नाही. तो त्यांचा उल्लेखच टाळतो, किंवा ‘मी एकमेव वारस’ असं लिहून मोकळा होतो. सरांनी सगळं उघड मांडलं होतं, कारण त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं. चूक सांगायच्या आधी ती समजुतीची आहे की हेतूची, हे मी अर्जातच शोधते. हेतूत खोट असेल तर पत्र वेगळं लिहावं लागतं. तिथे फक्त कलम, आक्षेपांची मुदत आणि इतर वारसांना प्रत. सरांच्या बाबतीत त्याची गरज नव्हती.

मग मी विचार केला की सरांना असं का वाटलं असेल. या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी पत्राला हात घालत नाही. चूक कुठून आली हे कळलं की ती मूर्खपणाची राहत नाही, आणि मग आपल्या लिहिण्यात वरचढपणा उतरायला जागाच उरत नाही. सरांचं कारण सरळ होतं. अण्णांच्या बँकेतल्या ठेवींवर सरच नॉमिनी होते. मृत्यूचा दाखला आणि फॉर्म दिल्यावर बँकेने पैसे त्यांच्या खात्यात जमा केले. काउंटरवरच्या माणसाने वर सांगितलं, ‘तुम्ही नॉमिनी आहात ना, मग पैसे तुमचेच.’ खरं तर बँक नॉमिनीला पैसे देऊन स्वतःची जबाबदारी संपवते, त्या पैशावर शेवटी हक्क कोणाचा हे ती ठरवत नाही. पण काउंटरवर एवढं कोण सांगतं? माणूस अनुभवावरून नियम बांधतो, आणि सरांचा अनुभव तर ताजा होता.

शिवाय हा विषयच असा आहे की भल्याभल्यांचा गोंधळ व्हावा. विम्याच्या बाबतीत १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, मालक वारसच. पण २०१५ मध्ये विमा कायदा बदलला, आणि आता आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते. शेअर बाजारातल्या शेअर्सबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयातल्याच एका निकालाने २०१० मध्ये नॉमिनीला मालक ठरवलं होतं. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत नाकारलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. उच्च न्यायालयात ज्यावर दोन मतं झाली, तिथे गणिताच्या शिक्षकाला ‘एवढंही कसं माहीत नाही’ असं कोणी म्हणू नये.

आमच्या खजिनदारांनी नेमकं तेच म्हटलं. वाईट हेतूने नव्हे, सहज. अर्ज त्यांच्या हातात होता आणि ते म्हणाले, ‘सरांना कळवून टाका, तुमचा अर्ज कायद्याला धरून नसल्याने फेटाळण्यात येत आहे. एका ओळीत काम.’ ती ओळ खोटी नव्हती, पण अपुरी होती. सरांना संस्थेकडून जे मिळायला हवं होतं तेही त्या ओळीत फेटाळलं जात होतं.

कारण नॉमिनीला काहीच हक्क नाही, हेही तितकंच चूक आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४बी-१३ सांगतं की सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारसांनी मिळून केलेलं कौटुंबिक व्यवस्थापत्र अशा कागदांच्या आधारे हस्तांतरित करायचा, आणि खरे हक्कदार सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. म्हणजे दार बंद नाही. संस्थेला नॉमिनी हवाच असतो. पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावाने काढायचं, सभेची सूचना कोणाला द्यायची, हे सगळं त्याच्यामुळे सुटतं. सरांच्या अर्जातला अर्धा भाग बरोबर होता, आणि माझं पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

पत्राआधी मी फोन केला. पत्र घरी गेलं की ते सून उघडेल की नातू, सांगता येत नाही. फोनवर मात्र मी मुद्द्यात शिरले नाही. ‘सर, अर्ज मिळाला. अण्णांचं नामनिर्देशन रजिस्टरमध्ये व्यवस्थित आहे, मी पाहिलं. कायमचं नाव लावायला आणखी एक-दोन कागद लागतात, ते पत्रात नीट लिहिते. वाचून झालं की बोलू.’ इतकंच. फोनवर माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि तिथल्या तिथे उत्तर देणारा माणूस आपलं म्हणणं धरून बसतो. मग तो ‘नाही ताई, मला वकिलांनीच सांगितलंय’ म्हणतो, आणि एकदा तसं म्हटलं की मागे येणं त्याला जड जातं. कागद वाचताना समोर कोणी नसतं. मनातल्या मनात ‘अरे, असं आहे होय’ म्हणता येतं.

पत्र असं लिहिलं:

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

तुमचा अर्ज मिळाला. अण्णांनी केलेले नामनिर्देशन संस्थेच्या नोंदवहीत योग्य प्रकारे नोंदलेले आहे. त्यानुसार तुम्हाला तात्पुरते सभासद करून घेण्याचा विषय कमिटीच्या येत्या सभेपुढे ठेवत आहे. त्यासाठी उपविधींमधील नमुन्यातला अर्ज सोबत जोडला आहे, तो सहीनिशी परत द्यावा.

शेअर सर्टिफिकेटवर कायमचे नाव लावण्यासाठी मात्र याच्या पुढचा एक टप्पा आहे. सहकार कायद्याच्या कलम १५४बी-१३ प्रमाणे नामनिर्देशनामुळे फ्लॅटची मालकी मिळत नाही. ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. बँक, विमा आणि गृहनिर्माण संस्था यांचे नामनिर्देशनाचे नियम वेगवेगळे असल्याने हा प्रश्न संस्थेकडे वारंवार येतो, म्हणून कलमाची प्रत सोबत देत आहे.

अण्णांनी मृत्युपत्र केले असल्यास त्याची प्रत द्यावी. केले नसल्यास तुम्ही आणि दोघी ताई मिळून कौटुंबिक व्यवस्थापत्र करू शकता, किंवा त्यांची इच्छा असल्यास त्या तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र देऊ शकतात, किंवा तिघांचीही नावे संयुक्त सभासद म्हणून लावता येतात. कोणता मार्ग घ्यायचा हा तुमच्या घरातला निर्णय आहे. ठरवण्यापूर्वी एखाद्या वकिलांना कागद दाखवून घ्यावेत. संस्थेकडून लागेल ती प्रत मी देईन.’

यातलं ‘नामनिर्देशनामुळे फ्लॅटची मालकी मिळत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम छोटं आणि ठाम ठेवलं. त्याला ‘बहुधा’ नाही, ‘आमच्या मते’ नाही, ‘अशी शक्यता आहे’ नाही. समोरच्याचा मान राखायचा म्हणून वस्तुस्थितीच पुसट केली तर नुकसान त्याचंच होतं. शेजारच्या एका सोसायटीत असंच झालं. तिथल्या नॉमिनीला ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ असं लिहून पाठवलं. त्या माणसाने त्याचा अर्थ होकार असा घेतला, फ्लॅट विकायला काढला आणि एका गिऱ्हाइकाकडून टोकनचे पैसेही घेतले. ना हरकत दाखला मागायला आला तेव्हा त्याला खरं काय ते समजलं. तोवर गिऱ्हाईक, दलाल आणि नागपूरची बहीण, सगळ्यांपुढे त्याची शोभा झाली होती. पत्र अतिशय सभ्य होतं. त्यातून कळायला हवं ते एवढंच कळलं नाही.

त्या ठाम वाक्यात ‘तुम्ही’ मात्र कुठे नाही. तिथे नामनिर्देशन आहे, मालकी आहे, कलम आहे. ‘तुमचा गैरसमज झाला आहे’ असं लिहिलं की वाक्य कायद्याबद्दल न राहता माणसाबद्दल होतं. सरांचं मूळ विधानही मी परत उतरवलं नाही. सरकारी पद्धतीच्या पत्रात ते सर्रास केलं जातं: ‘आपण आपल्या अर्जात असे नमूद केले आहे की… तथापि ते वस्तुस्थितीला धरून नाही.’ त्यात माणसाला आपलंच वाक्य अवतरणचिन्हांत अडकलेलं दिसतं. योग्य माहिती दिली की चुकीची कुठली ते सांगावं लागत नाही. वाचणारा ते स्वतः जुळवून घेतो. ‘आपणांस माहीतच असेल की’ हेही मी लिहीत नाही. ते नम्र वाटतं, पण ज्याला माहीत नव्हतं त्याला ते टोचतं.

‘हा प्रश्न वारंवार येतो’ हे लिहिताना मात्र थोडी सावध होते. ते खरं असेल तरच लिहावं. आमच्याकडे ते खरं होतं, फाईलमध्ये त्याआधीचे तसे अर्ज होते. खोटा धीर वाचणाऱ्याला लगेच कळतो. आणि न्यायालयांचे सगळे निकाल मी पत्रात घातले नाहीत. ते माझ्या माहितीसाठी होते. पत्रात आले असते तर सरांना आधार कमी आणि दडपण जास्त वाटलं असतं, आणि सेक्रेटरीबाईंचा अभ्यास किती हे दाखवणारं पत्र झालं असतं.

एक बारीक गोष्ट कलमाच्या झेरॉक्सची. पानभर मजकुरात कामाची चार ओळींची तरतूद असते, ती शोधायला त्रास होतो. माझ्या हातात पिवळा मार्कर होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाच्या हातात रेघा मारलेला कागद द्यायला मन धजेना. समासात पेन्सिलीने एक बारीक खूण केली, तेवढी पुरते.

पत्राचं झालं, पण खरी काळजी कमिटीच्या सभेची आणि इतिवृत्ताची होती. अपमान बहुतेक वेळा तिथेच होतो, कारण तिथे साक्षीदार असतात. अजेंड्यावर ‘सरांच्या अर्जावर विचार’ असा विषय घेतला असता तर प्रथेप्रमाणे अर्ज मोठ्याने वाचला गेला असता, आणि ‘कायद्याने माझ्या मालकीची’ या शब्दांवर कोणी ना कोणी बोललंच असतं. विषय घेतला: ‘दिवंगत सभासदाच्या सदनिकेबाबत तात्पुरत्या सभासदत्वाची नोंद.’ त्यात एक अक्षर खोटं नाही. चर्चा नामनिर्देशनाच्या नोंदीवर झाली, ती रजिस्टर उघडून सगळ्यांना दाखवली. खजिनदारांनी इतिवृत्तासाठी सुचवलेलं वाक्य होतं, ‘मालकीचा दावा अमान्य करण्यात आला.’ मी त्यांना विचारलं, उद्या बहिणींपैकी कोणी इतिवृत्ताची प्रत मागितली तर या वाक्यातून काय वाटेल? भावाने दावा लावला आणि संस्थेने तो हाणून पाडला, असंच ना? तसं तर झालेलं नाही. ठराव असा लिहिला: ‘नामनिर्देशनानुसार तात्पुरते सभासदत्व देण्यात येत आहे. कायम सभासदत्वाबाबत वारसांकडून आवश्यक कागदपत्रे प्राप्त झाल्यावर कलम १५४बी-१३ नुसार निर्णय घेण्यात येईल.’ खजिनदारांनीच अनुमोदन दिलं.

सर काही दिवसांनी झेरॉक्स घेऊन आले. शिक्षकच ते, तरतूद त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईने वाचली होती. पहिला प्रश्न विचारला, ‘यात वारस म्हणजे नक्की कोण? आई आधीच गेली, मग आम्ही तिघंच ना?’ मी म्हटलं, हो, मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुली पहिल्या वर्गात एकत्र येतात, हिस्सा सारखा. लग्न झालं म्हणून मुलीचा हिस्सा कमी होत नाही. ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘मग मला दोघींना फोन करायला हवा. मी त्यांना निराळंच सांगितलंय.’ मी म्हटलं, ‘पत्रातला तीन पर्यायांचा परिच्छेद वाचून दाखवा, म्हणजे तुम्हाला वेगळं काही समजावावं लागणार नाही.’ तो परिच्छेद मी त्याच उपयोगासाठी लिहिला होता. चूक दुरुस्त झाल्यावर माणसाला ती पुढे ज्यांना सांगितली त्यांच्याकडे जावं लागतं, आणि तिथे हातात काही तरी लागतं.

मोठ्या बहिणीने हक्कसोडपत्र द्यायची तयारी दाखवली, धाकटीने नाही. सरांनी मग तेही नको म्हटलं आणि तिघांचीही नावं लावायचं ठरलं. तो त्यांच्या घरातला निर्णय होता आणि त्यात मी पडले नाही.

जाताना मात्र त्यांनी विचारलं, ‘माझा पहिला अर्ज परत मिळेल का?’ त्यांना तो फायलीत राहायला नको होता, हे उघड होतं. पण त्याच्यावर आवक क्रमांक पडला होता, रजिस्टरमध्ये नोंद होती. आलेला कागद सेक्रेटरीला काढून देता येत नाही, मग तो कोणाचाही असो. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि सुधारित अर्ज द्यायला सुचवलं. त्यांनी तिथेच बसून तो लिहिला, तसाच डाव्या बाजूला समास सोडून, तिघांच्या सह्यांसाठी खाली जागा ठेवून. पहिली ओळ त्यांनी मला विचारून घातली: ‘दरम्यान मिळालेल्या माहितीनुसार हा सुधारित अर्ज सादर करीत आहे, तो पूर्वीच्या अर्जाऐवजी विचारात घ्यावा.’ बहिणींच्या सह्या झाल्यावर मी त्याला नवा आवक क्रमांक दिला, आणि फायलीत तो जुन्या अर्जाच्या वर लावला.